‘नाही’ म्हटलं त्या दिवसाची तारीख

मागच्या आठवड्यात वढू बुद्रुकच्या एका बचत गटाच्या बैठकीत एका आईने विचारलं, की माझ्या लेकीचं कंपनीतल्या एका मुलाशी होतं, आता तिने मोडलंय, पण तो काही सोडत नाही. आधी तिचीच संमती होती, मग आता तक्रार कुठल्या तोंडाने करायची? या प्रश्नाला उत्तर आहे, पण ते नीट कळायला थोडं मागे जावं लागेल.

इंग्रजांनी 1860 साली भारतीय दंड संहिता केली. तिच्यात बाईला हात लावणं, तिच्याबद्दल अश्लील बोलणं वा हावभाव करणं हे गुन्हे होते. पण कुणी रोज तिच्या मागे चालत राहिला, फाटकाशी उभा राहिला, नको म्हटल्यावरही निरोप पाठवत राहिला, तर त्याला वेगळं नाव नव्हतं. पोलीस एकेक प्रसंग सुटा बघायचे. आज उभा होता? मग काय झालं, रस्ता सगळ्यांचा आहे. काल हाक मारली? त्यात शिवी होती का? नव्हती, तर जा घरी. प्रत्येक प्रसंग एकटा बघितला की किरकोळ दिसतो आणि सगळे एकत्र बघितले की अंगावर काटा येतो. हे एकत्र बघणं कायद्याला दीडशे वर्षं जमलं नाही.

आपल्या महाराष्ट्राने त्याची किंमत मोजली. 1990 च्या मार्चमध्ये उल्हासनगरला रिंकू पाटील ही मुलगी दहावीची परीक्षा देत असताना परीक्षेच्या वर्गातच तिला पेट्रोल टाकून जाळण्यात आलं. आपल्यातल्या पन्नाशीच्या पुढच्या बायांना ते दिवस आठवत असतील. त्यानंतर कित्येक घरांनी पोरींची शाळा बंद केली, म्हणजे शिक्षा पोरींनाच झाली.

लिहून ठेवण्याच्या दृष्टीने मात्र मला दिल्लीचं प्रकरण जास्त शिकवणारं वाटतं. प्रियदर्शिनी मट्टू ही दिल्ली विद्यापीठात कायदा शिकत होती. तिथलाच एक वरच्या वर्गातला विद्यार्थी तिच्या मागे लागला. यांचं प्रेम वगैरे काही नव्हतं, ते एकतर्फी होतं. पण ही मुलगी गप्प बसली नाही. 1995 सालात तिने वेगवेगळ्या पोलीस ठाण्यांत पुन्हा पुन्हा लेखी तक्रारी दिल्या. मुलाचे वडील मोठे पोलीस अधिकारी. मुलाने ‘पुन्हा त्रास देणार नाही’ असं लिहून दिलं, तिला संरक्षणाला पोलीस मिळाला, आणि त्रास चालूच राहिला. वर त्या मुलानेच विद्यापीठाकडे उलट तक्रार केली, की ही एकाच वेळी दोन पदव्यांचं शिक्षण घेते. हा डाव आजही चालतो: तुम्ही तक्रार केली की समोरचा तुमच्याविरुद्ध काहीतरी उकरून काढतो. 23 जानेवारी 1996 ला तिचा तिच्या घरात खून झाला.

1999 साली खालच्या कोर्टाने आरोपीला संशयाचा फायदा देऊन सोडलं. 2006 साली दिल्ली उच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि 2010 साली सर्वोच्च न्यायालयाने दोष कायम ठेवून जन्मठेप दिली. या वरच्या निकालांत तिच्या हातच्या जुन्या तक्रारी कामी आल्या. मारणारा कोण आणि त्याच्या मनात काय होतं, हे सांगायला ती स्वतः नव्हती. तिचे कागद होते. पण त्या कागदांनी तिचा जीव वाचवला नाही हेही खरं. कारण त्या वेळी कायद्यात त्या सगळ्या तक्रारींना एकत्र बांधणारा गुन्हाच नव्हता.

तो गुन्हा आला 2013 साली. डिसेंबर 2012 मध्ये दिल्लीच्या बसमध्ये त्या मुलीवर अत्याचार झाला, देश रस्त्यावर उतरला, आणि निवृत्त सरन्यायाधीश जे. एस. वर्मा यांच्या समितीने महिनाभरात, 23 जानेवारी 2013 ला, अहवाल दिला. त्यानंतर दंड संहितेत ‘पाठलाग’ हे कलम 354 ड आलं. 1 जुलै 2024 पासून तेच भारतीय न्याय संहितेचं कलम 78 आहे. त्यातलं वाक्य सोपं करून सांगते: बाईने नको असल्याचं स्पष्ट दाखवल्यावरही जो पुरुष जवळीक साधायला वारंवार तिचा पाठलाग करतो, संपर्क करतो किंवा करायचा प्रयत्न करतो, तो गुन्हेगार. मोबाईल, इंटरनेटवर ती काय करते यावर पाळत ठेवणंही यातच आलं. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद, पुन्हा दोषी ठरला तर पाच वर्षांपर्यंत. एक कमकुवत जागा आहे: पहिल्या वेळचा गुन्हा जामीनपात्र आहे, म्हणजे आरोपी लवकर बाहेर येतो. संसदेत हे मुद्दाम तसं केलं गेलं आणि ते चूक झालं असं माझं मत आहे.

आता त्या आईच्या प्रश्नाकडे येऊ. कलमात आधी प्रेम होतं की नव्हतं हे कुठेच विचारलेलं नाही. विचारलंय ते दोनच: तिने स्पष्ट नाही म्हटलं का, आणि त्यानंतरही तो वारंवार आला का. म्हणून सगळी केस ‘नाही’ म्हटल्याच्या तारखेवर उभी राहते. त्या तारखेआधीचं प्रेम हे प्रेमच, त्यानंतरचा प्रत्येक फोन मात्र मोजायचा.

समजा, मुलगी सणसवाडीच्या एका कारखान्यात पॅकिंगला आहे आणि मुलगा त्याच शिफ्टला. 12 जानेवारीला तिने मेसेज केला: ‘आपलं संपलं आहे. यापुढे मला फोन, मेसेज करू नकोस, भेटायला येऊ नकोस.’ इतकंच लिहायचं. ‘सध्या नको’, ‘घरचे ऐकत नाहीत’ असं लिहिलं, तर उद्या वकील म्हणेल की तिने दार उघडं ठेवलं होतं. त्यानंतर तिने उत्तर देणं थांबवावं, रागाचंसुद्धा. आणि एक वही करावी. 14 जानेवारी, रात्री साडेअकरा, नऊ मिस्ड कॉल. 17 जानेवारी, सुट्टीच्या वेळी कंपनीच्या फाटकाशी उभा, सोबतच्या दोघींनी पाहिलं. 20 जानेवारी, अनोळखी नंबरवरून मेसेज, आवाज त्याचाच. 23 जानेवारी, फोनवरून एक रुपया पाठवला आणि सोबतच्या जागेत लिहिलं, ‘एकदा भेट’. तो एक रुपया त्याला हुशारी वाटते, पण तो बँकेच्या उताऱ्यात तारखेसकट उमटतो आणि पुसता येत नाही.

वहीत त्याच दिवशी लिहावं, आणि नंतर सुवाच्य करून पुन्हा उतरवू नये. खाडाखोड असलेली खरी वही एका बैठकीत लिहिलेल्या स्वच्छ वहीपेक्षा जास्त विश्वासाची असते. मेसेज आला की लगेच स्क्रीनशॉट घ्यावा, कारण पाठवणारा तो दोन्हीकडून पुसू शकतो. पण स्क्रीनशॉटवर फक्त ‘सागर’ असं सेव्ह केलेलं नाव दिसलं तर तो कुणीही असू शकतो. नाव दाबून नंबर दिसेल असा आणखी एक स्क्रीनशॉट हवा, तारीख दिसायला हवी, कडा कापलेल्या नकोत. कॉलची यादी काही फोनमध्ये थोड्या दिवसांत आपोआप पुसली जाते, तिचाही फोटो घ्यावा.

इथे बहुतेक मुली एक गोष्ट करतात: लाजेने जुने प्रेमाचे मेसेज पुसून टाकतात. पुसू नयेत. समोरच्याच्या फोनमध्ये ते असणारच. तो कोर्टात ते दाखवेल आणि तुमच्याकडे नसतील, तर तुम्ही लपवताय असं दिसेल. ते राहू दिले, तर कुठपर्यंत प्रेम होतं आणि कुठल्या दिवसापासून नव्हतं हे ओळीने दिसतं. नंबर ब्लॉक करावा का हे मुलीने ठरवावं. मनाला शांतता मिळते, पण त्यानंतर तो काय पाठवतो ते कळत नाही.

फोन स्वतः का जपायचा, याचा निकाल आपल्या जालन्याच्या एका निवडणूक खटल्यात लागला. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल. वाद उमेदवारी अर्ज वेळेत भरले का हा होता आणि पुरावा व्हिडिओचा. जुलै 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की फोन, कॅमेरा यांतल्या मजकुराची नक्कल कोर्टात द्यायची तर कायद्याने सांगितलेलं प्रमाणपत्र लागतं, पण मूळ यंत्रच त्याच्या मालकाने साक्षीला उभं राहून हजर केलं तर लागत नाही. नव्या साक्ष कायद्यात त्या प्रमाणपत्राचा छापील नमुना आहे, दोन भागांचा: एक फोन सांभाळणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. म्हणून नवा फोन घेताना जुना दुकानात बदलून देऊ नका.

हे सगळं घेऊन जायचं कुठे? दोघं एकाच कारखान्यात असतील आणि तिथे दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील, तर कायद्याने अंतर्गत समिती असली पाहिजे. ठेकेदाराकडची मुलगीही तिथे तक्रार करू शकते. शेवटच्या प्रसंगापासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यायची. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. वही नसली तर शेवटचा प्रसंग कधीचा यावरच वाद होतो. चौकशी चालू असताना त्याची किंवा तिची बदली, तिला रजा, हे मागता येतं. तिची बदली लांबच्या शिफ्टला करून प्रकरण मिटवू पाहतात, तेव्हा त्याची बदली मागावी. कंपनीत समिती नसेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. पोलिसांत जायचं तर आपल्याला शिक्रापूर ठाणं. गुन्हा दुसऱ्या हद्दीत घडला असला तरी फिर्याद घ्यावी लागते, प्रत फुकट मिळते. घेतलीच नाही, तर तोच मजकूर पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवायचा आणि पावती वहीत चिकटवायची.

आपल्याकडे मात्र आधी मुलाच्या घरी सांगायची रीत आहे. 27 जून 2023 ला पुण्याच्या सदाशिव पेठेत भर सकाळी एका मुलीवर कोयत्याने हल्ला झाला. हल्लेखोर तिच्या कॉलेजच्या ओळखीचा. तिने बोलणं थांबवलं होतं, तो फोन करून, वाट अडवून त्रास देत होता, आणि त्याच्या घरी सांगितलं गेल्यावर तो अधिकच चिडला, असं तेव्हा पुढे आलं. लेशपाल जवळगे आणि हर्षद पाटील या पोरांनी जीव धोक्यात घालून कोयता धरला म्हणून ती वाचली. घरी सांगू नका असं मी म्हणणार नाही; काही घरं आपल्या पोराला आवरतात. पण सांगितलं तर तीही तारीख वहीत लिहा, कोण गेलं, कोण भेटलं, काय बोललं. आणि त्याने हत्याराची, ॲसिडची किंवा स्वतःच्या जिवाची धमकी दिली, तर वही भरण्यात दिवस घालवू नका. त्या क्षणी 112 लावायचा आणि मुलीला एकटीला कंपनीच्या बसपर्यंतही जाऊ द्यायचं नाही.

त्या आईला मी एवढंच विचारलं, की लेकीने त्याला नाही म्हटलं तो दिवस कुठला? तिला आठवेना. लेकीच्या फोनमध्ये असेल, म्हणाली.