शेवटच्या चित्राची किंमत

आत काय आहे हे पैसे मोजून उघडल्यावरच कळते, अशा व्हिडिओ गेममधील बक्षिसाच्या पेटीला 'लूट बॉक्स' म्हणतात. जपानमध्ये या प्रकाराला 'गाचा' हे नाव आहे. नाणे टाकल्यावर खेळणे देणाऱ्या यंत्रावरून ते पडले. या पद्धतीतील दोष समजून घ्यायचा तर तेथील 'कंप्लीट गाचा'चे उदाहरण बोलके आहे. यात पेट्यांतून निघणाऱ्या चित्रांचा ठरावीक संच पूर्ण केला, तरच दुर्मिळ बक्षीस मिळत असे.

समजा, संचात १० चित्रे आहेत, प्रत्येक निघण्याची शक्यता सारखी आहे आणि पेटीला ३०० येन पडतात. पहिली पाच चित्रे सरासरी सहा-सात पेट्यांतच हाती येतात. त्यामुळे अर्धे काम झाले असे वाटते. प्रत्यक्षात नऊ चित्रे जमल्यावर उरलेल्या एकासाठीच सरासरी १० पेट्या लागतात. पूर्ण संचाला सुमारे २९ पेट्या, म्हणजे जवळजवळ ८,८०० येन! लहानपणी बबलगमबरोबरची क्रिकेटपटूंची चित्रे जमवलेल्यांना हा अनुभव नवा नाही. फरक इतकाच, की तेथे जादा चित्रांची अदलाबदल तरी करता येई.

संच जुळवून बक्षीस देण्यावर जपानी कायद्यात पूर्वीपासूनच बंदी होती. ती 'कंप्लीट गाचा'लाही लागू होते, असे तेथील ग्राहक व्यवहार संस्थेने मे २०१२मध्ये स्पष्ट केले. साधा गाचा मात्र सुरूच राहिला.

शक्यता जाहीर करणे हा त्यावरचा पहिला उपाय. 'अ‍ॅपल'ने डिसेंबर २०१७मध्ये आपल्या अ‍ॅप स्टोअरसाठी तसा नियम केला. तथापि, एक टक्का शक्यता म्हणजे शंभर पेट्यांत एक बक्षीस नक्की, असा समज होतो. वास्तविक शंभर पेट्या घेणाऱ्या १०० जणांपैकी सुमारे ३७ जण रिकाम्या हातानेच राहतात. त्यातच पेटी रुपया-डॉलरऐवजी गेममधील हिऱ्यांनी घ्यावी लागली, की खर्चाचा अंदाजच राहत नाही. 'गेनशिन इम्पॅक्ट'वर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने नेमका हाच आक्षेप घेतला. जानेवारी २०२५मध्ये कंपनीने दोन कोटी डॉलरचा दंड मान्य केला. पालकांच्या संमतीविना १६ वर्षांखालील मुलांना पेट्या न विकण्याची अटही त्यात होती.

ठरावीक प्रयत्नांनंतर बक्षिसाची हमी देणे हा मधला मार्ग आहे. त्याने कमाल खर्च कळतो, पण हमीचा आकडा जवळ आला, की थांबणे अधिकच अवघड होते. त्यापेक्षा 'रॉकेट लीग'चा बदल सरळ वाटतो. डिसेंबर २०१९मध्ये या गेमने पेट्या काढून 'ब्लूप्रिंट' आणले. वस्तू कोणती आणि तिची किंमत किती, हे त्यावर आधीच दिसते. किमती फार आहेत, अशी ओरड खेळाडूंनी लगेच केली आणि काही दिवसांतच त्या उतरवाव्या लागल्या. पेटीत दडलेल्या किमतीवर अशी घासाघीस करता येत नाही.