मॉलमधील किऑस्क परवाना

मॉलमधील किऑस्क परवाना म्हणजे मॉलच्या सामाईक जागेत, उदाहरणार्थ मधल्या चौकात किंवा सरकत्या जिन्याजवळ, विक्रीचा लहान स्टॉल मांडण्यासाठी मालकाने शुल्क घेऊन दिलेली परवानगी होय. काही दिवसांपुरत्या मांडलेल्या स्टॉलला पॉप-अप स्टॉल म्हणतात.

भाडेपट्ट्याहून वेगळेपण

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 105 नुसार भाडेपट्ट्याने जागेच्या उपभोगाचा हक्क भाडेकरूकडे जातो. दुकानदार आपल्या गाळ्याला कुलूप लावतो आणि इतरांना मज्जाव करू शकतो. परवान्याची व्याख्या भारतीय सुविधाधिकार अधिनियम, 1882 च्या कलम 52 मध्ये आहे. परवाना नसता तर जी कृती बेकायदेशीर ठरली असती, ती करण्याची मुभा त्याने मिळते. जागेत कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही. किऑस्कला भिंती नसतात, त्याची जागा मॉल व्यवस्थापन बदलू शकते आणि मॉल बंद झाल्यावर परवानाधारकाला तेथे जाता येत नाही.

मात्र करारावर 'परवाना' असे लिहिणे पुरेसे नसते. असोसिएटेड हॉटेल्स ऑफ इंडिया विरुद्ध आर. एन. कपूर (1959) या खटल्यात दिल्लीच्या एका हॉटेलातील खोल्या केशकर्तन व्यवसायासाठी देण्यात आल्या होत्या. दस्तऐवजाची भाषा परवान्याची होती. तरीही सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो भाडेपट्टा ठरवला. शीर्षकापेक्षा पक्षकारांचा खरा हेतू महत्त्वाचा असून जागेचा अनन्य ताबा ही त्याची एक प्रमुख खूण आहे.

सूचनेची मुदत

करारात वेगळी तरतूद नसल्यास, दरमहा चालणारा दुकानाचा भाडेपट्टा संपवण्यासाठी कलम 106 नुसार 15 दिवसांची सूचना लागते. परवान्यासाठी कायद्याने दिवसांची संख्या ठरवलेली नाही. कलम 63 परवानाधारकाला जागा सोडण्यासाठी व माल हलवण्यासाठी केवळ वाजवी वेळ देते. फिरता स्टॉल काही तासांत उचलता येतो. शिवाय ती जागा ये-जा करण्याची असते. सणासुदीची सजावट, दुरुस्ती किंवा अग्निसुरक्षेचा मार्ग यांसाठी ती मोकळी करावी लागू शकते. म्हणून व्यवस्थापन करारात थोड्या दिवसांची सूचना ठेवते.

उदाहरण

समजा, मोबाइल कव्हर विकणाऱ्याने 11 महिन्यांचा परवाना घेतला आणि करारात दोन्ही बाजूंना 7 दिवसांच्या सूचनेची मुभा आहे. चौथ्या महिन्यात अशी सूचना मिळाल्यास उरलेल्या 7 महिन्यांच्या बुडालेल्या नफ्यावर त्याला सहसा दावा करता येत नाही; अनामत रक्कम व आगाऊ शुल्क करारातील अटींनुसार परत मिळते. परंतु त्याचा दोष नसताना तिसऱ्याच दिवशी स्टॉल हटवला, तर कलम 64 नुसार तो नुकसानभरपाई मागू शकतो. या कलमाने मिळते ती भरपाई, जागा नव्हे. त्यामुळे मोठा माल भरण्यापूर्वी किंवा महागडा स्टॉल बनवून घेण्यापूर्वी 11 महिन्यांच्या आकड्यापेक्षा 7 दिवसांचे कलम आधी वाचावे लागते.