कच्च्या झिंग्याची अडीच मिनिटं

वणीहून आदिलाबादकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर मुकुटबन लागतं. झरी जामणी तालुक्यातलं हे गाव, आणि दोन्हीकडचे समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर. त्यामुळे इकडच्या स्वयंपाकाला झिंग्याची ओळख दोनच रूपांत होती. एक म्हणजे ढिवरांच्या जाळ्यात माशांसोबत येणारा नदी-तलावातला बारका झिंगा, आणि दुसरा वाळका. हा वाळका झिंगा कोरड्या तव्यावर भाजायचा, डोकी-मिशा मोडून पाखडायचा आणि वांग्याच्या रश्श्यात निवांत शिजू द्यायचा. कोकणातले सोडेही असेच, आधी भिजवून मग शिजवायचे. उन्हानं यातलं पाणी आधीच नेलेलं असतं. म्हणून वाळका झिंगा शिजवणं म्हणजे मुख्यतः त्याला पाणी परत देणं, आणि त्याला वेळ लागतोच.

कच्च्या झिंग्याचं काम नेमकं उलटं आहे. त्याच्या मांसात सुमारे तीन चतुर्थांश पाणीच असतं आणि ते आत राखायचं असतं. रश्श्यात वीस मिनिटं उकळलेली कोळंबी रबरासारखी लागते, कारण वाळक्याची रीत ओल्याला लावलेली असते. माझ्या मते देशावरच्या बऱ्याच घरांत कोळंबी बिघडते ती एवढ्याच कारणानं. मसाल्याचा त्यात काही दोष नसतो.

झटपट परतण्याची ही रीत किनाऱ्यापासून दूरच्या घरांत आली ती बर्फाच्या पाठोपाठ. कच्चा झिंगा फार लवकर नासतो. त्याच्या डोक्यातल्या पाचकग्रंथीचे रस मेल्यानंतरही काम करत राहतात आणि मांस मऊ पडतं. गोड्या पाण्यातल्या मोठ्या झिंग्यात तर हे आणखी वेगानं होतं. म्हणून डोकं शक्य तितक्या लवकर काढतात. किनाऱ्यापासून दूर जायचं तर त्याला वाळण्यावाचून गत्यंतर नव्हतं. १९५३ मध्ये कोचीनहून गोठवलेली कोळंबी अमेरिकेला जाऊ लागली आणि भारतात गोठवण्याचा धंदा उभा राहिला. पण तो माल बराच काळ परदेशासाठीच होता. नंतर २००९ मध्ये सरकारनं व्हॅनामेई जातीच्या कोळंबीच्या शेतीला परवानगी दिली. ही जात मूळची मेक्सिको ते पेरूच्या पॅसिफिक किनाऱ्यावरची. आंध्रच्या किनारपट्टीवरच्या तळ्यांत ती इतकी फोफावली की गोठवलेली, सोललेली पाकिटं आतल्या शहरांच्या दुकानांतही दिसू लागली. झिंगा ओला आला, पण तो शिजवण्याची सवय वाळक्याचीच राहिली.

आता पाव किलो सोललेली कोळंबी घेऊ, दर नगाला दहा-बारा ग्रॅमची, म्हणजे वीस-पंचवीस नग. गोठवलेली असेल तर रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावी, किंवा पिशवी घट्ट बांधून अर्धा तास गार पाण्यात बुडवावी. पाठीवरून चीर देऊन काळा दोरा काढावा. मीठ-हळद लावून दहा मिनिटांनी सुटलेलं पाणी टिपून घ्यावं. हे टिपणं मला मसाल्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं. पाण्याची वाफ व्हायला फार उष्णता लागते. ओली कोळंबी तव्यात पडली की तव्याची सगळी ताकद ते पाणी उडवण्यात जाते, तवा थंडावतो आणि कोळंबी परतली न जाता स्वतःच्याच पाण्यात उकडते. एकदम सगळी ओतली तरी हेच होतं. म्हणून दोन घाणे करावेत.

जाड बुडाचा लोखंडी तवा मोठ्या आचेवर ठेवावा. तेल घालण्याआधी पाण्याचा एक थेंब टाकून पाहावा. तो नुसता सुंई करून आटला तर तवा अजून तापायचा आहे. गोळी होऊन घरंगळला तर झाला. मग दोन चमचे शेंगदाणा तेल घालावं. तेल पातळ होऊन लवलवलं, पण त्याचा धूर निघण्याआधी कोळंबी एकेक करून सुटी मांडावी आणि हलवू नये. दीड मिनिटानं कडेचा करडा रंग अर्ध्या उंचीपर्यंत पांढरा-गुलाबी झालेला दिसतो. तेव्हा उलटवावी. दुसऱ्या बाजूला पाऊण ते एक मिनिट पुरे. लसूण घालायचा तर उलटवल्यावर. आधी घातला तर तो करपतो. झाली की लगेच ताटात काढावी. तापलेल्या तव्यात ठेवून गॅस बंद केला तरी ती शिजतच राहते.

घड्याळ इथे फक्त अंदाजासाठी. नग मोठा असला, तवा पातळ असला की मिनिटं बदलतात, म्हणून खुणा पाहाव्यात. सगळ्यांच्या डोळ्यांत भरणारी खूण म्हणजे गुलाबी रंग. रिचर्ड कून आणि निल्स सोरेनसेन यांनी १९३८ मध्ये लॉबस्टरमधलं लाल रंगद्रव्य ओळखलं. त्याचं नाव अ‍ॅस्टाझॅन्थिन. तेच कोळंबीतही असतं. कच्च्या अवस्थेत ते एका प्रथिनाला जखडलेलं असतं आणि त्या बंधनात निळसर-करडं दिसतं. आचेनं प्रथिनाची घडी मोडते, रंगद्रव्य सुटतं आणि आपला लाल-केशरी रंग दाखवतं. मात्र हा रंग मुख्यतः कवचात आणि वरच्या पातळ थरात असतो. म्हणजे गुलाबी रंग सांगतो की बाहेर आच पोहोचली. आत काय झालं ते त्यावरून कळत नाही.

खरी खूण मांसात पाहावी. डोक्याकडची सर्वांत जाड बाजू, पाठीच्या चिरेत डोकावून. कच्चं मांस काचेसारखं आरपार असतं. शिजलेलं दुधट आणि अपारदर्शक. त्या चिरेच्या तळाशी करडी, चिकट रेघ उरली असेल तर अजून वीस सेकंद द्यावेत. रेघ गेली त्याच क्षणी काढावी. बोटानं दाबल्यावर मांस हलकंसं उलटून दाब देतं; कच्चं लिबलिबीत असतं, जास्त झालेलं टणक. वळण्याची खूण दुय्यम आहे. शेपूट अर्धवर्तुळात वळली तर ठीक, डोक्याकडच्या टोकाला चिकटून पूर्ण कडं झालं तर बहुधा वेळ टळली. पण पाठीवर खोल चीर दिलेली कोळंबी वेगळीच वळते, म्हणून केवळ आकारावर विसंबू नये.

आपल्याकडे एक गोष्ट या खुणांना फसवते, ती म्हणजे लिंबू. कोळंबीला लिंबू किंवा कोकमाचं आगळ लावून अर्धा-पाऊण तास ठेवलं तर आंबटपणानंच प्रथिनं गोठतात आणि मांस आचेशिवाय पांढरं होतं. त्यानं जंतू मात्र खात्रीनं मरत नाहीत, आणि वर आच दिली की पोत भुसभुशीत होतो. मग अपारदर्शकपणाची खूणही कामाची राहत नाही. म्हणून आंबट नेहमी शेवटी, ताटात पिळावं. रश्श्यालाही हेच लागू आहे: रस्सा आधी पूर्ण शिजवून, चाखून घ्यावा आणि उकळत्या रश्श्यात कोळंबी शेवटची तीन-चार मिनिटं सोडावी.

नदीतला बारका झिंगा या हिशेबात बसत नाही. तो कवचासकट कडक, लाल होईपर्यंत तळावा; गोड्या पाण्यातला झिंगा अर्धाकच्चा ठेवू नये. बाजारात पाकीट घेताना एवढं पाहा: आतली कोळंबी आधीच गुलाबी असेल तर ती उकडलेली आहे, तिला फक्त गरम करायचं. कच्ची हवी असेल तर करडी घ्या, आणि अमोनियासारखा उग्र वास आला तर तव्यावर न टाकता फेकून द्या.