गाजराचा रंग आणि धूम्रपान करणाऱ्याचें फुप्फुस

गाजर, आंबा, लाल भोपळा यांचा केशरी रंग ज्या द्रव्यांमुळें येतो, त्यांपैकीं बीटा-कॅरोटीन हें प्रमुख होय. शरीर त्यापासून अ जीवनसत्त्व बनवितें. १९८१ सालीं रिचर्ड पीटो, रिचर्ड डॉल आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनीं 'नेचर' या नियतकालिकांत प्रश्न मांडला कीं, या द्रव्याच्या सेवनानें कर्करोगाचें प्रमाण कमी होईल काय? प्रश्न निराधार नव्हता. ज्यांच्या आहारांत हें द्रव्य अधिक, त्यांना कर्करोग कमी होतो असें अनेक पाहण्यांत दिसून आलें होतें. उपपत्तिहि तयारच होती. तंबाखूच्या धुरानें शरीरांत प्राणवायूचे अतिशय क्रियाशील रेणू वाढतात व ते पेशींना इजा करतात. त्यांना शमविणारें द्रव्य भरपूर दिलें, म्हणजे रोग टळावा. मात्र खरें-खोटें ठरवावयाचें तर प्रत्यक्ष प्रयोगच हवा, हें त्या लेखकांनीं नमूद केलें होतें.

तो प्रयोग १९८५ सालीं फिनलंडांत सुरू झाला. पन्नास ते एकुणसत्तर वर्षें वयाचे २९,१३३ पुरुष त्यांत सामील झाले. सारेच धूम्रपान करणारे. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणें त्यांचे गट पाडून निम्म्यांना रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन दिलें. उरलेल्यांच्या गोळींत तें नव्हतें. कोणाला काय मिळतें हें घेणाऱ्यासहि ठाऊक नव्हतें व देणाऱ्यासहि नव्हतें. गोळी घेणाऱ्यांच्या रक्तांत त्या द्रव्याचें प्रमाण पूर्वीच्या सतरा पटींहून अधिक झालें. गाजरें खाऊन कोणी इतकी मजल मारील, हें संभवत नाहीं.

१९९४ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बीटा-कॅरोटीन न घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे ४०२ रोगी निघाले, घेणाऱ्यांत ४७४. दोन्ही बाजूंचीं माणसें जवळजवळ सारखीं, तेव्हां वाढ शेंकडा १८ पडली. हा योगायोग असेल, असें पुष्कळांना वाटलें. परंतु अमेरिकेंत धूम्रपान करणारे, तें सोडलेले आणि ॲस्बेस्टॉसच्या धुळींत काम केलेले अशा १८,३१४ लोकांवर तसाच प्रयोग चालू होता. त्यांत ३० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन व जोडीला अ जीवनसत्त्व दिलें जात होतें. तेथें कर्करोग शेंकडा २८ नीं व मृत्यु शेंकडा १७ नीं अधिक दिसल्यावर, १९९६ च्या जानेवारींत, ठरल्या मुदतीच्या एकवीस महिने आधीं गोळ्या थांबविण्यांत आल्या. उलट, अमेरिकन डॉक्टरांनीं बारा वर्षें हेंच द्रव्य घेतलें. त्यांत धूम्रपान करणारे थोडे होते. त्यांना लाभ झाला नाहीं, हानिहि झाली नाहीं.

जुन्या पाहण्या मात्र खोट्या नव्हत्या. फिनलंडांतील ज्यांना हें द्रव्य दिलेंच नव्हतें, त्यांच्यांतहि आरंभीं ज्यांच्या रक्तांत तें अधिक, त्यांना रोग कमी झाला. रक्तांतील रंग ही चांगल्या आहाराची खूण होती; त्या खुणेलाच औषध मानलें गेलें.

हानीचें कारण शोधतांना १९९९ सालीं बोस्टन येथें फेरेट नांवाच्या मुंगसासारख्या प्राण्यांवर प्रयोग झाला, कारण हें द्रव्य ते बरेचसे माणसाप्रमाणें शोषून घेतात. धूर व मोठी मात्रा एकत्र आल्यावर त्यांच्या फुप्फुसांतील पेशींचें रूप पालटलें. धुरानें बीटा-कॅरोटीन मोडतें, आणि पेशींच्या वाढीला आवर घालणारें अ जीवनसत्त्वाचें आम्लरूप फुप्फुसांत कमी पडतें, असा उलगडा संशोधकांनीं केला.

याहून मूलगामी प्रश्न निघाला तो प्राणवायूच्या त्या रेणूंविषयीं. ते केवळ शत्रु नव्हेत. हायड्रोजन पेरॉक्साइड अल्प प्रमाणांत प्रत्येक पेशींत निर्माण होतो. कांहीं प्रथिनांतील गंधकाच्या अणूंशीं त्याचा संयोग झाला, कीं त्या प्रथिनांचें कार्य पालटतें. संयोग सुटला, कीं तें पूर्ववत् होतें. ऑक्सिडीकरण आणि क्षपण यांच्या आधारें चालणारी ही पेशीची संदेशव्यवस्थाच होय. बिघडलेल्या पेशींत हे रेणू वाढतात, इजा होते, आणि 'पी-५३' नांवाचें प्रथिन जागें होऊन तिचें विभाजन रोखतें.

२०१४ सालीं स्वीडनमधील गोथेनबर्ग येथें, फुप्फुसांत अर्बुदें उत्पन्न केलेल्या उंदरांना ई जीवनसत्त्व किंवा ॲसिटिलसिस्टीन हें ऑक्सिडीकरण-विरोधक द्रव्य दिलें. अर्बुदें झपाट्यानें वाढलीं. पी-५३ मंदावलें होतें. जेथें पी-५३ मुळांतच काढून टाकलें होतें, तेथें औषधानें कांहींच फरक पडला नाहीं. इजा कमी झाली खरी, पण तिच्याबरोबर धोक्याची सूचनाहि विझली, आणि लाभ रोगट पेशीला झाला. दीर्घकाळ धूम्रपान केलेल्याच्या फुप्फुसांत अशा पेशी आधींच असण्याचा संभव मोठा. तरीहि उंदरावरून माणसाचा निर्णय घाईनें करूं नये: फिनलंडांत ज्यांना रोज ५० मिलिग्रॅम ई जीवनसत्त्व दिलें, त्यांच्यांत फुप्फुसाचा कर्करोग वाढला नव्हता.

तेथील गोळ्या १९९३ सालीं बंद झाल्या. पुढें त्या माणसांवर लक्ष ठेवलें असतां, चार ते सहा वर्षांनंतर तो अधिकचा धोका दिसेनासा झाला.