झाकलेले जस्त

झुरिकच्या गेरोल्ड श्वार्झेनबाख यांनी १९४५-४६ च्या सुमारास ईडीटीए या आम्लाला अनुमापनात आणले. १९४८ मध्ये बीडरमान यांच्यासह त्यांनी एरिओक्रोम ब्लॅक टी हा दर्शकही दिला. पाण्याचा कठीणपणा मोजणे त्यामुळे फार सोपे झाले. मात्र मला या इतिहासाचा पुढचा टप्पा अधिक महत्त्वाचा वाटतो. ईडीटीए जवळजवळ प्रत्येक धातूला धरते. मिश्रणात हा गुणच दोष ठरतो.

मॅग्नेशियम, जस्त आणि तांबे एकत्र असलेले द्रावण घ्या. अमोनियाच्या बफरने पीएच १० केला, तरी मॅग्नेशियम एकटे मोजता येत नाही, कारण जस्त आणि तांबे ईडीटीएला त्याच्यापेक्षा कितीतरी घट्ट धरतात. शिवाय तांबे दर्शकालाही चिकटून बसते. कितीही ईडीटीए घातले तरी लाल रंग निळा होत नाही. रंग असा अडून राहिला, की दर्शक जखडला गेला हे ओळखावे.

यावरचा तोडगा आच्छादनाचा. प्राहाचे रुडोल्फ प्रशिबिल आणि इतरांनी हे तंत्र विस्तारले. द्रावण आधी अल्कधर्मी करून पोटॅशियम सायनाइड घातले, की जस्त आणि तांबे सायनाइडच्या पक्क्या संयुगांत अडकतात. मॅग्नेशियमला सायनाइड धरत नाही. आता ०.०१ मोलर ईडीटीएचे १० मिलि लागून रंग निळा झाला, तर मॅग्नेशियम २.४३ मिलिग्रॅम.

याच द्रावणात मग थोडे फॉर्माल्डिहाइड घालतात. ते जस्ताभोवतीचे सायनाइड काढून घेते, जस्त मोकळे होते आणि निळे द्रावण पुन्हा लाल होते. पुन्हा निळे व्हायला आणखी ६ मिलि लागले, तर जस्त ३.९२ मिलिग्रॅम. तांबे मात्र झाकलेलेच राहते. ते द्रावणाच्या दुसऱ्या भागातून वेगळे मोजावे लागते.

येथे हात आखडता हवा. फॉर्माल्डिहाइड जास्त झाले, तर तांबेही सुटू लागते. निळा रंग टिकत नाही, पुन्हा पुन्हा लालसर होतो. तेव्हा जस्ताचा आकडा फुगलेला समजावा. त्याहून मोठा धोका क्रमाचा आहे. आम्लधर्मी द्रावणात सायनाइड पडले, तर हायड्रोजन सायनाइड हा प्राणघातक वायू निघतो. म्हणून बफर आधी आणि सायनाइड नंतर.

लोखंडासाठी प्रशिबिल यांनी ट्रायइथेनॉलअमाइन वापरले. तेथे क्रम बरोबर उलटा आहे. ते द्रव्य आम्लधर्मी द्रावणातच घालावे लागते, नाहीतर अल्क पडताच लोखंडाचा तपकिरी साका खाली बसतो. धातू झाकायला काय घालावे हे कोष्टकात सापडते. ते केव्हा घालावे, यावर मात्र उत्तराचा खरेपणा आणि सायनाइडच्या बाबतीत माणसाचा जीवही अवलंबून असतो.