चालू किमती, स्थिर किमती आणि वाढीचा दर

रुपयांत मोजलेला आकडा दोन कारणांनी वाढतो: माल जास्त निघाला किंवा त्याचा भाव चढला. दोन्ही बदल एकत्र दाखवणारी ती चालू किमतींची मालिका. सगळा काळ एकाच आधारवर्षाच्या भावांनी मोजला, की स्थिर किमतींची, म्हणजे वास्तविक मालिका मिळते. त्यासाठी चालू रकमेला किंमत निर्देशांकाने भागून 100 ने गुणतात. मजुरीची खरेदीशक्ती पाहायची तर ग्राहक किंमत निर्देशांक घ्यावा. देशाच्या एकूण उत्पादनाला तो पुरत नाही, कारण उत्पादनात यंत्रे आणि निर्यातीचा मालही असतो. तिथे क्षेत्रागणिक निरनिराळे निर्देशांक वापरतात आणि चालू आणि स्थिर किमतींच्या बेरजांच्या भागाकारातून सरासरी निर्देशांक काढतात.

2020 च्या एप्रिल-जूनमधला भारताचा जीडीपी पाहा. टाळेबंदीच्या त्या तिमाहीचा पहिला अंदाज 31 ऑगस्टला आला. चालू किमतींनी उत्पादन 38.08 लाख कोटी रुपये होते, वर्षभरापूर्वी 49.18, म्हणजे घट 22.6 टक्के. 2011-12 च्या भावांनी तेच आकडे 26.90 आणि 35.35 होते, घट 23.9 टक्के. भागाकार केला तर निर्देशांक 139.1 वरून 141.6 वर, म्हणजे सुमारे 1.75 टक्के चढलेला दिसतो. उत्पादन कोसळत असतानाही भाव थोडे वाढत होते आणि त्यांनी खऱ्या घसरणीचा काही भाग झाकला होता.

इथे घाईने वजाबाकी केली जाते. उणे 22.6 मधून भाववाढीचे 1.75 वजा केले तर घट 24.35 टक्के येते, आणि ती चूक आहे. दर एकमेकांतून वजा करायचे नसतात, गुणक भागायचे असतात: 0.774 ÷ 1.0175 = 0.761, म्हणजे 23.9 टक्के घट. दर लहान असले की हा फरक जाणवत नाही, मोठे झाले की उघडा पडतो.

त्याच तिमाहीत अमेरिकेचा पहिला अंदाज 32.9 टक्के घट असा होता. दोन्ही आकडे शेजारी ठेवून अमेरिका भारतापेक्षा जास्त कोसळली, असे अनेकांनी म्हटले. पण भारताची तुलना वर्षापूर्वीच्या त्याच तिमाहीशी होती. अमेरिका मात्र हंगामी चढउतार काढून आधीच्या तिमाहीशी तुलना करते आणि तोच वेग चार तिमाह्या टिकला तर काय होईल, ते सांगते. याला वार्षिकीकृत दर म्हणतात. तो उलगडायला 0.671 चे चौथे मूळ काढावे लागते. ते 0.905 येते, म्हणजे तिमाहीतली प्रत्यक्ष घट 9.5 टक्के होती.

32.9 ला सरळ चाराने भागले तर 8.2 येतात आणि घसरण कमी दिसते. उलट, हंगामी चढउतार न काढता तिमाही दराचा चौथा घात केला, तर सुगीची किंवा सणासुदीची तेजी वर्षभराची वाढ म्हणून मिरवते. वेग टिकेल हे गृहीतकही कच्चे असते: त्याच वर्षीच्या जुलै-सप्टेंबरमध्ये अमेरिकेचा दर उलटून 33.1 टक्के वाढ असा जाहीर झाला. म्हणून कोणत्याही टक्केवारीआधी तक्त्याच्या मथळ्यात किमती चालू की स्थिर, तुलना कशाशी आणि दर वार्षिकीकृत आहे का, हे पाहावे लागते.