एका शब्दाची ओळ



कवितेची ओळ कागदावर दिसावी, ही कल्पना मराठीत फार जुनी नाही. आडव्या पानांच्या पोथीत लेखक ओव्या सलग लिहीत जाई. ओवी कुठे संपली ते दंडावरून आणि आकड्यावरून कळे. मोडीत तर आधी पानभर शिरोरेघ ओढून तिच्याखाली अक्षरे लिहिली जात. शब्दांत जागा सोडण्याची गरज नव्हती, कारण ओळ कानाने ओळखली जात होती. मोठ्या अभंगात सहा-सहा अक्षरांचे तीन चरण होतात आणि चौथा चार अक्षरांचा येतो. तीन सारखी पावले टाकल्यावर चौथे आखूड पडते आणि म्हणणारा तिथे थांबतो. आखूडपणाने वजन येते, हे आपल्या संतांना ठाऊक होते. मात्र ते वजन ऐकू येत असे, दिसत नसे.

छपाईने प्रत्येक चरणाला स्वतंत्र जागा दिली. पुढे कवी अनिलांनी मुक्तछंद रूढ केला आणि 1940 साली ‘भग्नमूर्ती’ प्रसिद्ध झाली. अक्षरांची ठरलेली संख्या सुटली, तसा ओळ कुठे तोडायची हा निर्णय कवीकडे आला. त्यानंतरच्या पिढीत अरुण कोलटकर हे व्यवसायाने जाहिरातक्षेत्रातले चित्रकार होते. 1976 च्या इंग्रजी ‘जेजुरी’त त्यांनी एका ठिकाणी नाचणाऱ्या कोंबड्या दाखवण्यासाठी शब्दच पानावर वर-खाली विखरून मांडले. पान हेही कवितेचे साधन आहे, हे इथे उघड दिसते.

अमेरिकेत हा प्रयोग आधी झाला होता. विल्यम कार्लोस विल्यम्स हे व्यवसायाने डॉक्टर. 1923 साली त्यांनी लाल हातगाडीवर एक कविता छापली. सगळी मिळून सोळा शब्दांची, आठ ओळींची. एक ओळ तीन शब्दांची, पुढची एका शब्दाची, असे चार वेळा. गाडीचा जोडशब्दसुद्धा त्यांनी दोन ओळींत तोडला, म्हणून वाचणाऱ्याला आधी चाक दिसते आणि मग गाडी.

मराठीत हे वेगळे घडते. आपले विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये नामाला चिकटलेली असतात, त्यामुळे आपला एकटा शब्दही बरेच काही घेऊन येतो. शिवाय क्रियापद शेवटी येते. उदाहरणासाठी मीच एक साधे वाक्य केले आहे: ‘गोदावरीच्या पात्रात उघड्या वाळूवर एक बगळा उभा आहे.’ हे एका दमात संपते आणि विसरले जाते. आता तेच असे पाहा:

गोदावरीच्या
पात्रात
उघड्या
वाळूवर
एक
बगळा
उभा

पहिला शब्द पाच अक्षरांचा, शेवटचा दोनच. मधल्या शिरोरेघा कमीजास्त होतात, पण एकूण खाली जाताना त्या आखूड होतात. नदी, पात्र, वाळू असे करत नजर उतरते आणि सहाव्या ओळीपर्यंत पक्षी दिसत नाही. ‘एक’ हा शब्द वाक्यात जवळजवळ ऐकूच येत नाही. इथे त्याच्या दोन्ही बाजूंना कोरा कागद आहे, म्हणून तो एकटेपणा सांगू लागतो. ‘आहे’ मी गाळला, कारण तो आठव्या ओळीत एकटा आला असता तर बगळ्याचे वजन एका सहायक शब्दाने घेतले असते.

पण बारीक ओळ नेहमी सावकाशच चालते असे नाही. दुसरा नमुना पाहा:

उठून
धुऊन
बांधून
घेऊन
निघाला

इथेही एकेकच शब्द आहे, तरी नजर घसरत खाली जाते. ‘ऊन’ लागलेली क्रिया अपुरी असते. ती पुढच्या क्रियेची वाट पाहते, म्हणून कोणत्याच ओळीवर पाय ठरत नाही. वेग ‘निघाला’वर येऊन थांबतो. म्हणजे वेग ओळीच्या रुंदीवर एकट्यावर ठरत नाही. ओळ संपताना अर्थ पुरा झाला की अडला, यावर तो ठरतो. नाम किंवा विशेषण एकटे उभे राहिले की ते चित्र होते आणि नजर थांबते. अपुरी क्रिया आली की नजर पळते.

यातूनच दोष कसा ओळखावा तेही कळते. कविता सलग गद्यात लिहून काढावी आणि मोठ्याने वाचावी. मग तीच ओळींत वाचावी. दोन्ही वेळा थांबण्याच्या जागा आणि जोर तेच राहिले, तर शब्द उगाच एकाखाली एक ठेवले आहेत. ‘आणि’, ‘होता’, ‘की’ असे शब्द एकेकटे उभे असतील, तर तिथे कशाला थांबायचे हे विचारावे. कधी उत्तर असते: ‘होता’ एकटा ठेवला तर माणूस आता नाही, हे कळते. उत्तर नसेल तर तो शब्द वरच्या ओळीत परत न्यावा. लांबीलाही मर्यादा आहे. चाळीस ओळी एकेका शब्दाच्या आल्या की प्रत्येक शब्दाला सारखाच जोर मिळतो, आणि सगळ्यांना सारखा जोर म्हणजे कोणालाच नाही. अभंगातले चार अक्षरांचे पाऊल जड वाटते, कारण त्याच्या आधी सहाची तीन पावले पडलेली असतात.